समदं म्हशीचंच

माझ्या आयुष्यात मी जितका वेळ माझ्या लेकीच्या लंगोटाकडे बघण्यात घालवला, तितका वेळ मी आरशात पाहण्यातही घालवलेला नाही. आणि मला आरशाचं वेड आहे, हे घरातलं कुणीही सांगेल. आता हसून सांगते, पण पहिल्यांदा जेव्हा त्या पांढऱ्या मऊ कापडावर लाल रेघ दिसली, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तेव्हा मी कडेगावजवळच्या आमच्या गावात, माहेरी बाळंतपणाला आले होते. सव्वा महिना झाला होता. लेक सकाळचं दूध पिऊन, पोटभर ढेकर देऊन, आढ्याकडे बघून एकटीच हसत होती. मी लंगोट सोडला, तर शी नेहमीसारखी पिवळी, पण तिच्यात शेंबडासारखं चिकट काहीतरी, आणि त्या चिकटाला दोऱ्याएवढी लाल रेघ. मी परत बघितलं. रेघ होतीच.

"आई!" मी अशी ओरडले की गोठ्यातल्या म्हशीनंसुद्धा मान वर केली असणार.

आमच्या घरात दुधाशिवाय दुसरं बोलणं नसतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावातलं दूध संकलन केंद्र चालवतात. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात, अण्णा मशीनवर दुधातली फॅट मोजतात, आणि कुणाच्या दुधाला किती फॅट लागली यावरून त्या माणसाचा स्वभाव सांगतात. घरी दोन म्हशी आणि एक जर्सी गाय. त्यामुळे बाळंतिणीची बडदास्त म्हणजे काय, हे आमच्या आईला कुणी शिकवायची गरज नव्हती. सकाळी शतावरी घालून दूध. मग तुपात थबथबलेला डिंकाचा लाडू. दहाच्या सुमाराला दुधातली हाळिवाची खीर. दुपारी भाकरीवर लोण्याचा गोळा, भातावर तुपाची धार, शेवटी ताक. चार वाजता पुन्हा दूध. हे सगळं गाईचं, कारण म्हशीचं दूध बाळंतिणीला जड पडतं, असं तिचं ठाम मत. माझा नवरा वाईला शाळेत मास्तर आहे. तो शनिवारी एसटीनं यायचा आणि म्हणायचा, "मला पण बाळंतपण द्या की हो एखादं."

तर आईनं लंगोट खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. हुंगला. बोटानं ते चिकट ताणून पाहिलं. माझी आई कुठल्याच गोष्टीला घाबरत नाही, आधी तपासते आणि मग निकाल देते.

"उष्णता हाय," ती म्हणाली. "डिंक लय गरम पडतो. खारीक बी गरम. तुझ्या अंगातली गरमी दुधातनं पोरीला गेली. आता डिंक बंद, खारीक बंद. थंड काय ते खायाचं."

आणि थंड म्हणजे काय? दूध! दोन पेले होते ते चार झाले. त्यात सब्जा पडला. दही-भात सुरू झाला, ताकाचा तांब्या उशाशीच आला. मीही मुकाट्यानं प्यायले, कारण रक्त बघितलेल्या आईला कुणी काही सांगितलं की ती करते. तिसऱ्या दिवशी एक रेघ होती तिथं तीन दिसल्या.

नेमक्या त्याच दिवशी आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या. बेचाळिसाव्या दिवसाची भेट ठरलेलीच असते, त्या वजनकाटा घेऊनच येतात. आमच्याच गावच्या सूनबाई, बोलायला फटकळ आणि कामाला चोख. लेकीला काट्याच्या झोळीत घातलं, वजन बघितलं आणि खूश झाल्या. मग मी लंगोट पुढं केला आणि त्यांचं हसू आवरलं.

"ताप?"

"न्हाई," आई म्हणाली.

"उलटी? हिरवी-पिवळी काय? पोट फुगलंय? पिती नीट? मलूल पडती का?"

नाही, नाही, नाही. पिती तर इतकी, की मला जेवायला सवड देत नाही.

"गुटी, ग्राईप वॉटर, मध, कायतरी चाटवलंय का?" हे विचारताना त्यांनी आईकडे बघितलं. आईनं छताकडे बघितलं. "एकदा बारशाला जिभंला मध लावला हुता," ती म्हणाली, "आता लावत न्हाई."

"लावू बी नका. वर्षाची होईपर्यंत मध न्हाई, ठाऊक हाय न्हवं? बरं. पोर ठणठणीत दिसतंय, पण बाळाच्या शीतनं रक्त म्हणजे डॉक्टरनं बघायचं. उद्या-परवा न्हाई, आजच. आणि हा लंगोट पिशवीत घालून संगं घ्या. सांगण्यापरीस दावल्यालं बरं."

अशा रीतीनं माझ्या लेकीची पहिली सहल झाली. कराडला, भाड्याच्या जीपमधून, आणि आईच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत तो लंगोट. आई ती पिशवी प्रसादासारखी दोन्ही हातांनी धरून बसली होती.

कराडच्या लहान मुलांच्या डॉक्टर बाई शांत होत्या. बाहेर गर्दी इतकी, की आत प्रत्येकाला थोडकीच मिनिटं मिळत. पण त्या थोडक्या मिनिटांत त्यांनी लेकीचं पोट दाबून बघितलं, खालच्या पापण्या ओढून रक्त कमी झालंय का ते बघितलं, शीच्या जागेला चीर वगैरे पडली आहे का, तेही बघितलं. चीर नव्हती. लंगोट बघितला. शी तपासायला पाठवली, तासाभरानं अहवाल आला, त्यात जंतू निघाले नाहीत. मग म्हणाल्या, "बाळ उत्तम वाढतंय. हसतंय. घाबरण्यासारखं काही दिसत नाही. बहुतेक गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे."

"आवं, पण तिला गाईचं दूध कुठं दिलंय?" आई म्हणाली. "आईचंच पिती की."

"आई जे खाते, त्यातलं थोडंसं प्रथिन तिच्या दुधात उतरतं. ते काही बाळांच्या आतड्याला सोसत नाही. आतून थोडी सूज येते, चिकट पडतं, रक्ताची रेघ दिसते. बाळाला त्याचा फारसा त्रासही होत नाही बऱ्याचदा. आईचं दूध मात्र अजिबात बंद करायचं नाही. फक्त आईनं गाईचं दूध आणि त्याचे सगळे पदार्थ बंद करायचे. दोन आठवड्यांनी दाखवा. ताप आला, उलट्या झाल्या, बाळ प्यायचं थांबलं, मलूल झालं किंवा रक्त जास्त पडलं, तर मात्र वाट बघायची नाही."

मला कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. तोवर दार उघडून पुढचं बाळ रडत आत आलं होतं.

जीपमध्ये बसल्यावर आईच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जसं काही केस जिंकून आली. "म्हंजे ती जर्सीच!" ती म्हणाली. "मी सांगत हुते तुझ्या बापाला, ती जर्सी घिऊ नका. परदेशी जनावर. तिच्या दुधात काय दम असतोय? गाईचं बंद म्हणाल्या न्हवं? बास. आता माझी म्हस हाय."

इथंच घोटाळा झाला. आणि तो आमच्याच घरात होऊ शकतो असा होता. शहरातल्या माणसाला दूध म्हणजे पिशवी. आमच्या घरात गाय म्हणजे एक प्राणी, म्हैस म्हणजे वेगळा प्राणी. एकीचं दूध पातळ, एकीचं घट्ट. फॅट वेगळी, दर वेगळा, किटली वेगळी, दोघींचे स्वभावसुद्धा वेगळे. त्या दोघींना एका ओळीत बसवायचं, हे दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यात येणंच शक्य नाही. अण्णांनीसुद्धा मान डोलावली. "गाईचं म्हणाल्यात म्हंजे गाईचंच. म्हशीचं असतं तर म्हशीचं म्हणाल्या असत्या की."

आणि मी? मी बी.एस्सी. झाले आहे. विज्ञान शिकले आहे. तरी मीही म्हणाले, "हो, बरोबर आहे."

जर्सीकडे त्या दिवसापासून घरात कुणी नीट बघेना. तिचं दूध डेअरीला गेलं. लोणी, तूप, दही सगळं नव्यानं म्हशीच्या दुधाचं झालं. आईनं जुन्या तुपाचा डबा घासून पुसून उन्हात ठेवला. जड पडेल म्हणून म्हशीच्या दुधात सुंठ घातली. खीर म्हशीच्या दुधात शिजली आणि इतकी दाट झाली, की चमचा उभा राहायचा.

आणि लेकीच्या लंगोटात लाल रेघा येतच राहिल्या.

सहा दिवस झाले, आठ दिवस झाले. रोज सकाळी मी देवाचं नाव घेऊन लंगोट सोडायची. लेक खुशाल पाय उडवायची. तिला तिच्या शीचं काही देणंघेणं नव्हतं. पण मी दिवसेंदिवस खचत गेले. सगळं तर सोडलं आहे, मग आता काय? म्हणजे माझ्याच दुधात काही आहे. माझ्या अंगातच काही वाईट आहे, आणि मी ते दर दोन तासांनी माझ्या हातानं तिच्या तोंडात घालते आहे. तिला पाजायला घेतलं, की ती चिमणीच्या पिलासारखा आ करायची. खरं सांगते, त्या दिवसांत तिला पाजताना मी एकदाही तिच्या तोंडाकडे बघितलं नाही.

वाईहून सासूबाईंचा फोन यायचा. त्या प्रेमानंच म्हणायच्या, "अगं, डब्याचं दूध सुरू कर. शेजारणीच्या नातवाला डब्यावरच वाढवलाय, कसा गुटगुटीत आहे." बाराव्या दिवशी नवऱ्यानं येताना तो डबा आणलासुद्धा. मी डबा मांडीवर घेऊन बसले. झाकणावर हात ठेवला. आई दारात उभी होती.

"दोन दिवस राहिलेत," मी म्हणाले. "डॉक्टरांना दाखवू, आणि मग उघडू."

कुठून बुद्धी झाली कोण जाणे. हट्टीपणा असेल. तो मला आईकडूनच आला आहे.

चौदाव्या दिवशी आम्ही पुन्हा कराडला. यावेळी नवराही होता. डॉक्टर बाईंनी वजन बघितलं, वाढलं होतं. लंगोट बघितला आणि कपाळाला आठी घातली. "दूध सगळं बंद केलं होतं ना?"

"आवं, थेंब न्हाई!" आई छाती पुढं काढून म्हणाली. "गाईचं थेंबभर बी दिल्यालं न्हाई म्या. तूप बी नवं कढवलं. समदं म्हशीचंच."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आणि मग त्या हसायलाच लागल्या. थांबवायचा प्रयत्न करत होत्या, पण थांबेना. चष्मा काढून डोळे पुसले.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "कडेगावकडच्या माणसांना मी नुसतं गाईचं म्हणाले. आजी, गाईचं आणि म्हशीचं प्रथिन जवळजवळ सारखंच असतं. बाळाच्या आतड्याला फॅट कळत नाही. त्याला गाय आणि म्हैस एकच."

"मग शेरडीचं?" आईनं ताबडतोब विचारलं.

"शेळीचंही नाही. मेंढीचंही नाही."

"आणि हा डबा?" नवऱ्यानं पिशवीतून तो काढला. बरोबर घेऊनच आला होता.

डॉक्टर बाईंनी डबा फिरवून त्याच्यावरचं बारीक अक्षर नवऱ्याला दाखवलं. "हेही गाईच्याच दुधाचं. हा दिला असता, तर आत्ता आईच्या दुधातून थेंबभर जातंय, ते वाटीनं गेलं असतं. ॲलर्जीच्या बाळांचे वेगळे डबे असतात, पण त्यांची तुम्हाला गरजच नाही. आईचं दूध आहे ना भरपूर!"

मला रडू फुटलं. माझ्या दुधात विष नव्हतं. म्हैस होती! मी रडता रडता हसायला लागले, मग नवरा हसला, आणि लेकीला वाटलं आपल्यालाच हसताहेत, म्हणून तीही बोळकं पसरून हसली. फक्त आई हसत नव्हती. ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली होती.

"म्हंजे पोरीला रगत मीच पाडलं," ती हळूच म्हणाली. "थंड म्हणून मीच वतत हुते."

"आजी," डॉक्टर बाई म्हणाल्या, "तुम्ही लेकीला इतकं नीट खाऊ घातलंत म्हणून हिचं दूध आहे आणि नातीचं हे वजन आहे. आता तसंच खाऊ घाला. फक्त दुधाशिवाय. जमेल?"

आईनं मान वर केली. तिला कुणी 'जमेल का' विचारलं, की ती विरघळते आणि पेटतेही.

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात जे झालं, ते बघायला तुम्ही असायला हवं होतं. आईनं माझ्यासाठी तवा वेगळा काढला, पळी वेगळी, पातेली वेगळी. तुपात प्रथिन अगदी थोडं उरतं, पण उरतं, असं डॉक्टर बाईंनी सांगितलेलं, त्यामुळे तूपही गेलं. डिंक शेंगदाण्याच्या तेलात तळला. लाडवात खोबरं, तीळ, खारीक परत आले, कारण डिंकाची बिचाऱ्याची काही चूकच नव्हती. हाळिवाची खीर नारळाच्या दुधात गूळ घालून झाली. पहिला चमचा आईनं स्वतः खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आयला, ही तर लय भारी झाली!" नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, शेपू, मेथी, वरणाला लसणाची तेलाची फोडणी. अंडं चालत होतं, मटणाचा रस्सा चालत होता. मी कुठं उपाशी होते? चहा तेवढा कोरा. पहिल्या दिवशी तो औषधासारखा लागला, दहाव्या दिवशी सवयीचा झाला.

अण्णांचं काम वेगळं. ते चष्मा लावून बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर वाचायचे. "ह्यात मिल्क सॉलिड हाय. ह्यात बी हाय. आरं, ह्या खारट बिस्किटात दूध कशाला घातलंय?" केंद्रातल्या फॅटच्या तक्त्याखेरीज काही न वाचणारा माणूस आता दुकानदाराशी भांडू लागला. केंद्रावर लोक त्यांना चिडवायचे, की डेअरीवाल्याच्या नातीला दूध सोसत नाही, म्हणजे तिला तुमच्या मशीनची फॅट मंजूर नाही. अण्णा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "लय चोखंदळ हाय गड्या ती."

चौथ्या दिवशी चिकट कमी झालं. सातव्या दिवशी रेघ एकच, तीही फिकी. बाराव्या दिवशी मी लंगोट सोडला आणि आत होती पिवळीधमक, दाणेदार, निर्मळ शी. हळदीच्या नव्या डब्यासारखी. मी बघतच राहिले. आईला हाक मारली, तिनं बघितलं, अण्णांना हाक मारली. दूध मोजायचं सोडून अण्णा आले. आम्ही तिघं त्या लंगोटाभोवती उभे होतो आणि लेक बघत होती, की ह्यांना झालंय तरी काय. मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला. त्यानं तो आनंदाच्या भरात घरच्या ग्रुपवर टाकला. वाईच्या मावससासूबाईंनी, न बघताच, हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

त्या दिवशी पाजताना मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या भुवया इतक्या माझ्यासारख्या होत्या आणि मला हे आत्ता कळत होतं.

पण डॉक्टर बाईंनी अजून एक परीक्षा ठेवली होती. "आता तुम्ही पुन्हा दूध प्या," त्या फोनवर म्हणाल्या. "रक्त परत आलं, तर नक्की ॲलर्जी. नाही आलं, तर आपण उगाच तुमचं खाणं महिनोन्‌महिने बंद ठेवू."

आईनं हे ऐकून फोन माझ्या हातून काढूनच घेतला. "आवं बाई, बरं झालेलं पोर परत आजारी कशाला पाडायचं?"

पलीकडून काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण आई बराच वेळ "व्हय, व्हय" करत राहिली. शेवटी फोन ठेवून म्हणाली, "बाई बरोबर बोलतीया. म्हशीच्या वेळंला आपण न विचारता ठरवलं हुतं. आता विचारून ठरवू." असं माझी आई म्हणाली! मी तारीख लिहून ठेवायला हवी होती.

मी दूध प्यायले. महिन्याभरानं. म्हशीचं, सायीचं, गरम. चव इतकी छान लागली की मला लाज वाटली. मी लेकीला गुन्हेगारासारखं पाजलं. पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या लंगोटात, तीच ओळखीची बारीक रेघ. गंमत म्हणजे यावेळी कुणी घाबरलं नाही. आईनं माझ्या हातातला पेला उचलला आणि म्हशीपुढच्या पाटीत ओतला. "ठरलं," ती म्हणाली. आठवड्यात सगळं पुन्हा पिवळं झालं.

चौथ्या महिन्यात मी वाईला गेले. तिथं दुधाचं दुसरंच राज्य. घाटावरचे देव, आणि देवांचे पेढे, आणि दर आठवड्याला कुणाकडून तरी पंचामृत. "प्रसादाला नाही म्हणू नये," म्हणणाऱ्या बायका दारात यायच्या. मी भांडायला कंबर कसून तयार असायची. पण माझ्यावर ती वेळच आली नाही. सासूबाईंनी डब्याची गोष्ट मनाला लावून घेतली होती. त्या दारातच उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "प्रसाद मी घेते हिच्या वाटणीचा." त्या वर्षी त्यांचं वजन वाढलं. थंडीत नवरा आम्हाला महाबळेश्वरला घेऊन गेला. तो माझ्यासमोर स्ट्रॉबेरी आणि क्रीम खात होता, मी नुसती स्ट्रॉबेरी. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं उरलेलं क्रीम एका ओळखपाळख नसलेल्या कुटुंबाला देऊन टाकलं. सहाव्या महिन्यात उष्टावण झालं, तेही नारळाच्या दुधातल्या खिरीनं. ती खीर आई कडेगावहून डब्यात घेऊन आली होती. तिचा इतर कुणाच्या पातेल्यावर विश्वास नव्हता.

या सगळ्या काळात आईला एक सवय लागून गेली होती. कुणी लेकीच्या तोंडाशी काहीही नेलं, की ती जिथं असेल तिथून ओरडायची, "थांब!" पाहुण्यांचे हात मध्येच थांबायचे. व्हिडिओ कॉलवरूनसुद्धा ओरडायची. लेकीला बोलता येण्याआधी तो शब्द ओळखू यायला लागला. ऐकला की ती मूठ उघडून दाखवायची.

अकराव्या महिन्यात डॉक्टर बाई म्हणाल्या, आता बघू. बहुतेक बाळांना वर्षाच्या आसपास सोसायला लागतं. आधी आईनं दूध घ्यायचं, दोन आठवडे लंगोट बघायचा. मग बाळाला थोडं थोडं. आई म्हणाली, जे काय करायचं ते माझ्या घरात. म्हणून आम्ही पुन्हा माहेरी.

मी दूध घेतलं. दोन आठवडे लंगोट स्वच्छ. मग लेकीला दह्याचं बोट. दुसऱ्या दिवशी अर्धा चमचा. मग चमचा. मग दोन. प्रत्येक सकाळी आई मांडी घालून, लंगोट खिडकीपाशी धरून, उजेडात बघायची, आणि मान डोलावून धुवायला टाकायची. आणखी दोन आठवडे गेले. फोनवरून डॉक्टर बाईंनी विचारलं, "रक्त? चिकट? उलटी? अंगावर काही?" नाही, नाही, नाही. "मग आता सगळं खाऊ द्या," त्या म्हणाल्या. "दोघींनाही."

दुपारी आईनं ताट वाढलं. मऊ आंबेमोहोर भात, पिवळं वरण आणि वर तुपाची धार, पहिल्या महिन्यात असायची तशी, जरा जास्तच. मी पहिला घास घेण्याआधी लेक रांगत आली. ताटाची कड धरून उभी राहिली, आणि तिनं अख्खा हात भातात खुपसला.

समोर बसलेल्या आईचा हात वर गेला. तोंड उघडलं. लेकीनं थबकून तिच्याकडे बघितलं आणि सवयीनं मूठ उघडली. भात ताटात पडला.

आई तशीच बसली, हात वरच. मग तिनं तो हात खाली आणला, पडलेला भात दोन्ही हातांनी गोळा केला, तुपात बुडवला आणि नातीच्या तळहातावर ठेवला. "खा की माझे बाई," ती म्हणाली. "खा." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती पुसत नव्हती, कारण दोन्ही हात तुपाचे होते.

लेकीनं खाल्लं. अर्धं तोंडात, अर्धं हनुवटीवर. आणखी एक मूठ खाल्ली. मग ताटाला वळसा घालून माझ्या मांडीवर चढली आणि तुपकट हातानं माझा पदर ओढला. मी घास तसाच ठेवला आणि तिला जवळ घेतलं.